‘त्यांनी’ म्हणजे नक्की कोणी?



मागच्या पालकसभेत नववीतल्या एका मुलाच्या वडिलांनी मला मोबाइलवर एक ईमेल दाखवला. ते पुनावळ्यात राहतात आणि चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करतात. मेलमध्ये दोनच वाक्यं होती:

‘मॅनेजमेंटने स्टाफला कळवले आहे की शनिवारी लाइनची टीम बोलवावी लागेल. त्यांनी त्यांची येण्या-जाण्याची सोय करायची आहे.’

वडिलांनी अर्थ घेतला की सोय मॅनेजमेंट करणार, म्हणजे बस येणार. सकाळी सहाला ते नेहमीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. बस आलीच नाही, कारण लिहिणाऱ्याच्या मनात होतं की टीमने आपापली सोय करायची. रिक्षा बदलत बदलत पोहोचेपर्यंत उशीर झाला आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला. ते मला म्हणाले, “मॅडम, मराठीच होतं ना हो ते? मग मला कसं कळलं नाही?”

तुम्हीच तो मेल पुन्हा वाचा. पहिल्या वाक्यात तीन समूह आहेत: मॅनेजमेंट, स्टाफ आणि टीम. दुसऱ्या वाक्यातलं ‘त्यांनी’ तिघांनाही चालतं. चूक वाचणाऱ्याची नव्हती, सर्वनामाची होती. आणि ती होते, कारण आपण शाळेत समूहवाचक नाम शिकवतो ते यादीसारखं: केळ्यांचा घड, गुरांचा कळप, मेथीची जुडी. जोड्या लावा, दोन गुण घ्या, पुढे चला. त्या नामासाठी पुढच्या वाक्यात कोणतं सर्वनाम येणार, हे आपण विचारतच नाही. माझं म्हणणं असं की शिकवायला हवं ते हेच.

आधी नियम बघू. टीम, समिती, स्टाफ, व्यवस्थापन हे शब्द माणसं कितीही असली तरी एकवचनी आहेत. ‘टीम आली’, ‘स्टाफ आला’, ‘व्यवस्थापन ठरवेल’. ‘टीम आल्या’ म्हटलं की एका टीममधली माणसं नाहीत, तर वेगवेगळ्या टीम आल्या असा अर्थ होतो. मग सर्वनामही एकवचनी यायला हवं: टीमसाठी ती, स्टाफसाठी तो, व्यवस्थापनासाठी ते.

इथे दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याचं वचन सांगतच नाही. ‘टीमने मशीन दुरुस्त केलं’, ‘मुलांनी मशीन दुरुस्त केलं’: दोन्हीकडे ‘केलं’, कारण क्रियापद मशीनच्या मागे गेलं आहे. ऑफिसच्या मेलमध्ये बहुतेक वाक्यं ‘कळवलं’, ‘ठरवलं’, ‘पाठवलं’ अशीच असतात. त्यामुळे टीम एकवचनी आहे याची आठवण लिहिणाऱ्याला होतच नाही आणि पुढे सहज ‘त्यांनी’ येतं.

दुसरी अडचण आपल्या आदरार्थी सवयीची. साहेब एकटे असले तरी आपण ‘त्यांनी’ म्हणतो. मॅनेजमेंट म्हणजे साहेब लोकच, त्यामुळे तिथे ‘तिने’ म्हणायला जीभ वळत नाही. व्यवस्थापन शब्दाचं तर आणखी गमतीचं आहे. ‘ते’ हे नपुंसकलिंगी एकवचनही आहे आणि पुल्लिंगी अनेकवचनही. ‘ते सोमवारी कळवेल’ म्हणजे व्यवस्थापन, ‘ते सोमवारी कळवतील’ म्हणजे माणसं. फरक फक्त क्रियापदात दिसतो.

मग सगळीकडे काटेकोर एकवचन लिहायचं का? माझ्या काही सहकाऱ्यांचं मत तसं आहे. मला ते पटत नाही. ‘टीम शनिवारी येईल, तिने डबा आणावा’ हे व्याकरणात बसेल, पण वाचणारा हसेल. डबा टीम आणत नाही, माणसं आणतात. म्हणून मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगते: हे काम सगळे मिळून एकदाच करणार आहेत, की प्रत्येक जण वेगवेगळं करणार आहे?

निर्णय, अहवाल, तपासणी ही कामं गट एक म्हणून करतो. तिथे एकवचन ठेवा: ‘टीम उद्या तपासणी करेल आणि ती संध्याकाळी अहवाल देईल.’ डबा, रजा, पगार, गाडी, ओळखपत्र या गोष्टी माणसागणिक वेगळ्या. तिथे नुसतं ‘त्यांनी’ लिहून थांबू नका, माणसांना वाक्यात आणा: ‘टीममधील प्रत्येकाने’, ‘स्टाफमधील सर्वांनी’. शब्द एखादाच वाढतो, पण शंका उरत नाही.

मालकी दाखवायची असेल तर मराठीकडे एक सोयीचा शब्द आहे: आपला. ‘टीमने आपला अहवाल दिला’ म्हटलं की ‘तिचा’ की ‘त्यांचा’ हा प्रश्नच मिटतो. उलट ‘टीमने त्यांचा अहवाल दिला’ यात दुसऱ्याच कोणाचा तरी अहवाल दिला, असाही अर्थ निघतो. मात्र मेलमध्ये एक खड्डा आहे. आपण समोरच्यालाही आदराने ‘आपण’ म्हणतो. ‘टीमने आपला अहवाल वाचला’ यात अहवाल टीमचा, की ज्याला मेल लिहिलाय त्याचा? अशा ठिकाणी ‘स्वतःचा’ किंवा ‘तुमचा’ लिहावं.

हीच सवय मुलांच्या इंग्रजीतही उतरते. ‘द टीम हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट’ असं वाक्य वहीत हमखास सापडतं: क्रियापद एकवचनी, सर्वनाम अनेकवचनी. बोलण्यात आणि बऱ्याच मेलमध्ये इंग्रज लोकही असं लिहितात, पण परीक्षेत आणि औपचारिक पत्रात जोडी जुळवलेली बरी. ‘हॅज’ बरोबर ‘इट्स’, ‘हॅव’ बरोबर ‘देअर’. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही जोड्या चालतात, अमेरिकेत क्रियापद बहुतेक एकवचनीच असतं. कोणतीही एक धरा, पण एकाच मेलमध्ये बदलू नका. आणि पाच कर्मचाऱ्यांना ‘फाइव्ह स्टाफ्स’ नको. ‘फाइव्ह स्टाफ मेंबर्स’ म्हणावं.

आता तो चाकणचा मेल. वर्गात मी तो फळ्यावर लिहिला आणि नावं न सांगता मुलांना सुधारायला दिला. एका गटाने ‘त्यांनी’च्या जागी ‘तिने’ लिहिलं. बाकीच्यांनी लगेच हरकत घेतली की मॅनेजमेंटलाही कोणी ‘ती’ म्हणतं, मग कळणार कसं? शेवटी फळ्यावर उरलं ते असं:

‘शनिवारी लाइनची टीम बोलवावी लागेल, असे मॅनेजमेंटने स्टाफला कळवले आहे. कंपनीची बस येणार नाही. टीममधील प्रत्येकाने येण्या-जाण्याची सोय स्वतः करावी.’

एक वाक्य वाढलं, पण ‘त्यांनी’ एकदाही आलं नाही. काही जण म्हणतील, एवढा कीस कशाला, समजतं की सगळ्यांना. समोरासमोर बोलताना समजतं, कारण ‘कोणी?’ असं लगेच विचारता येतं. मेल शुक्रवारी रात्री येतो आणि पाठवणारा तोवर घरी गेलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी घड आणि जुडी शिकवून झाली की घरातला किंवा शाळेतलाच एखादा मेल घ्या. त्यातल्या प्रत्येक ‘त्यांनी’खाली रेघ मारा आणि मुलांना विचारा, हे कोण? दोन मुलांची दोन उत्तरं आली, तर तो मेल पुन्हा लिहायला लावा.