लाल काटे आणि माणशी लिटर

शेजारच्या वहिनींनी पाण्याच्या मीटरचे दोन फोटो पाठवले, एक १ जूनचा आणि एक १ जुलैचा. त्यांचा प्रश्न होता, "भाऊजी, आमच्याकडे माणशी किती पाणी लागतं, ते यावरून काढता येईल?" नक्की येतं, फक्त काटे नीट वाचायला हवेत.

मीटरच्या खिडकीतले काळे आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. त्याखाली लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या असतात. ‘×०.१’ लिहिलेल्या तबकडीवरचं एक घर १०० लिटरचं, ‘×०.०१’वरचं १० लिटरचं आणि ‘×०.००१’वरचं एका लिटरचं. त्याहून बारीक तबकडी असली तरी महिन्याच्या हिशेबाला ती लागत नाही.

गोंधळ होतो तो काटा आकड्याला टेकल्यासारखा दिसतो तेव्हा. जूनच्या फोटोत खिडकीत ४१२ होते आणि पहिला काटा जवळजवळ ७वर. वहिनींनी ७ लिहिले होते. अशा वेळी पुढची तबकडी पाहायची. तिथला काटा ९ ओलांडून पुढे गेला होता, पण शून्यावर आला नव्हता. त्याचा फेरा पुरा झाल्याशिवाय पहिला काटा ७ला पोचत नाही, म्हणून तिथे ६च धरायचे. तिसरा काटा ४वर होता. वाचन झालं ४१२.६९४. तिथे ७ धरले असते, तर १०० लिटरचा फरक पडला असता. फोटो तिरका असला की काटा सरकल्यासारखा दिसतो आणि हा घोळ आणखी वाढतो.

जुलैचं वाचन ४३१.२५४. वजाबाकी १८.५६०, म्हणजे १८,५६० लिटर. तीस दिवस आणि घरातली चार माणसं धरली, तर माणशी रोज सुमारे १५५ लिटर. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत मलवाहिन्या असलेल्या शहरांसाठी १३५ लिटरचं माप आहे, त्यामुळे वहिनी हळहळल्या. पण जूनमध्ये त्यांची नणंद आणि भाची दहा दिवस राहून गेल्या होत्या. म्हणून माणसं न मोजता माणूस-दिवस मोजायचे: घरच्यांचे १२०, पाहुण्यांचे २०, एकूण १४०. १८,५६० भागिले १४०, म्हणजे सुमारे १३३ लिटर. घरच्यांची सवय उधळपट्टीची नाही, हे माझं ठाम मत.

एक गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही. मीटर टाकीत आलेलं पाणी मोजतं, वापरलेलं नाही. पहिल्या फोटोवेळी हजार लिटरची टाकी रिकामी आणि दुसऱ्या वेळी भरलेली असेल, तर या हिशेबात माणशी सात लिटर उगाच वाढतात.

तेव्हा दोन्ही वेळा टाकी भरल्यावरच फोटो काढा, कॅमेरा काचेसमोर सरळ धरा आणि घरात कोण किती दिवस होतं, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.