चोवीस नव्हे, तीस महिन्यांची शिदोरी

गुडगावातली नोकरी सोडून ओल्ड राजेंद्र नगरात यूपीएससीच्या अभ्यासाला बसायचं ठरवणारी मराठी मुलं बहुतेकदा एकच हिशेब मांडतात: महिन्याचा खर्च गुणिले चोवीस. माझी हरकत आहे ती या चोवीसला.

परीक्षेचं वेळापत्रक पाहा. 2024 ची पूर्वपरीक्षा 16 जूनला झाली आणि अंतिम निकाल 22 एप्रिल 2025 ला लागला. म्हणजे एका प्रयत्नालाच दहा महिने. आता समजा, तुम्ही 31 मार्चला राजीनामा दिला. दोन महिन्यांवरची पूर्वपरीक्षा तयारीअभावी हातची जाते. खरा प्रयत्न पुढच्या वर्षीचा आणि त्याचा निकाल त्याच्याही पुढच्या एप्रिलात. तोवर चोवीस महिने संपलेले असतात. निवड झाली तरी मसुरीचं प्रशिक्षण साधारण ऑगस्टअखेरीस सुरू होतं. नाही झाली, तर नोकरी शोधायला चार-सहा महिने जातात. म्हणून तरतूद तीस महिन्यांची हवी.

एक नमुना मांडून बघू. खोलीभाडं 14,000, टिफिन 6,000, लायब्ररीची सीट 3,000, पुस्तकं-प्रवास-फोन 5,000 आणि आरोग्य विम्यासाठी 2,000. महिन्याला झाले 30,000. तीस महिन्यांचे 9 लाख. क्लासचे दीड लाख धरले की साडेदहा लाख. तीन वर्षं आधी सुरुवात केली, तर दरमहा सुमारे 29,000 ची आवर्त ठेव पुरते. तिचं व्याज वाढत्या भाड्यासाठी राहू द्या.

हा पैसा शेअर बाजारात नको. 2020 च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी एक तृतीयांशाहून जास्त कोसळला होता. बाजार पुढे सावरला, पण घरमालक तोवर थांबत नाही. आधीचे म्युच्युअल फंड यासाठी वापरायचे असतील, तर राजीनाम्याच्या दीड-दोन वर्षं आधीपासून ते टप्प्याटप्प्याने ठेवीत वळवा.

राजीनाम्याच्या दिवशी रकमेचे तीन भाग करा. पहिल्या वर्षाचा खर्च आणि क्लासची फी बचत खात्यात, दुसऱ्या वर्षाची रक्कम बाराव्या महिन्याअखेर पिकणाऱ्या मुदत ठेवीत, शेवटच्या सहा महिन्यांची वेगळ्या ठेवीत. दुसऱ्या वर्षाची ठेव आठव्या-नवव्या महिन्यातच मोडावी लागली, तर हिशेब चुकलाय हे तेव्हाच कळतं आणि खोली बदलायला किंवा अर्धवेळ काम धरायला वेळ मिळतो. सगळा पैसा एकाच खात्यात असेल, तर हेच विसाव्या महिन्यात कळतं, नेमकं मुलाखतीच्या तोंडावर.

आणखी एक काम मात्र आवर्त ठेवीच्या पहिल्या हप्त्याबरोबरच करा. कंपनीचा समूह आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो. ती आज घेतलीत, तर तुमची बचत पुरी होईल तेव्हा तोही सरलेला असेल.