मटण मऊ कधी होते? स्लो कुकरचे ‘लो’ आणि ‘हाय’

अकोल्याच्या एका भगिनीने विचारले आहे: “स्लो कुकरवर मटण तीन तास ‘हाय’वर ठेवले, तरी रबरासारखेच लागले. ‘लो’वर ठेवायला हवे होते का?” रमजानात सहेरीसाठी रात्रभर मटण लावून ठेवणाऱ्या घरांत हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून सविस्तर उत्तर देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, बहुतेक स्लो कुकरमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्हींवर रस्सा शेवटी जवळपास सारखाच, उकळीच्या थोडा खाली तापतो. फरक आहे तो तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा. ‘हाय’वर तीन-चार तासांत तो तिथवर जातो, ‘लो’वर पाच-सात तास लागतात. म्हणून ‘हाय’चा एक तास म्हणजे ‘लो’चे साधारण दोन तास, असा ढोबळ हिशोब धरावा.

आपल्याकडे मटण म्हणजे बकऱ्याचे. त्यात चरबी कमी आणि चिवट पांढरे धागे जास्त, विशेषतः दस्त, नल्ली आणि मानेत. गरम होताना मांस आधी आकसते, पाणी सोडते आणि कडक होते. ते पांढरे धागे विरघळून चिकट, मऊ होतात ते नंतर, बराच वेळ गरम राहिल्यावर. या भगिनीचे मटण तिसऱ्या तासाला नेमके मधल्या टप्प्यात होते. ते बिघडले नव्हते, अर्धवट होते. आणखी दीड-दोन तास ठेवले असते तर मऊ झाले असते.

आता एक किलो दस्त-नल्लीचा हिशोब पाहू. तीन कांदे तेलात लालसर परतून घ्या. आले-लसूण, हळद, तिखट, धने आणि घरचा गरम मसाला घालून तेल सुटेपर्यंत भाजा. स्लो कुकरमध्ये मसाला भाजला जात नाही, त्यामुळे हे काम कढईतच करावे लागते. मग मटण घालून दहा मिनिटे परता, मीठ घाला आणि एकच वाटी गरम पाणी टाका. झाकणाखालून वाफ बाहेर जात नाही, मांसही पाणी सोडते, म्हणून चुलीवरच्या पातेल्याइतके पाणी घातले तर रस्सा पाणचट होतो. भांडे अर्ध्यापेक्षा जास्त, पण पाऊण भागापेक्षा कमी भरलेले असावे. चिनी मातीचे भांडे थंड असताना त्यात एकदम उकळता रस्सा ओतू नका, ते तडकू शकते. आधी कोमट पाणी घालून थोडे गरम करून घ्या.

हे मटण ‘हाय’वर साडेचार ते पाच तास, ‘लो’वर आठ ते नऊ तास घेते. तरावीहनंतर दहाला लावून पहाटे साडेचारला हवे असेल, तर साडेसहाच तास मिळतात. नुसत्या ‘लो’वर ते पुरत नाहीत. पहिले तीन तास ‘हाय’ आणि मग ‘लो’ ठेवले तर काम होते. मध्ये उठणे नको असेल तर संध्याकाळी इफ्तारआधीच ‘लो’वर लावा. ‘वॉर्म’ फक्त शिजलेले गरम ठेवते, मटण शिजवत नाही.

भाजलेले खोबरे आणि खसखस यांचे वाटण शेवटच्या अर्ध्या तासात घालून ‘हाय’ करा, रस्सा दाट होईल. दही घालायचे असेल तर तेही शेवटी, नाहीतर फाटते. मधूनमधून झाकण उघडू नका, दर वेळी वीस-तीस मिनिटे वाढतात. कच्ची पपई लावली असेल तर इतक्या वेळात मांसाचा लगदा होतो, ती इथे नकोच.

ओळख सोपी आहे. नल्लीवरचा तुकडा चमच्याने दाबा. उसळून परत आला तर वेळ हवा आहे. हाडापासून सुटला तर झाले. कोरड्या दोऱ्यांसारखा तुटला तर वेळ जास्त झाला.

दोन सावधगिऱ्या. ईद-उल-अजहाचे मटण कुरबानीनंतर काही तासांतच आखडते आणि तेव्हा शिजवले तर चिवट लागते. ते फ्रिजमध्ये एक दिवस ठेवून मग लावा. गोठलेले मटण मात्र थेट कुकरमध्ये घालू नका, आधी फ्रिजमध्ये वितळू द्या. दुसरे, आपल्या वऱ्हाडात रात्री वीज जाते. थोड्याच वेळाने आली आणि रस्सा अजून वाफाळत असेल तर चिंता नाही. पण सहेरीला उठल्यावर कुकर बंद आणि रस्सा कोमट दिसला, वीज कधी गेली तेही माहीत नसेल, तर ते मटण पुन्हा उकळूनही खाऊ नका. कोमट अवस्थेत वाढलेल्या जंतूंचे काही विष उकळल्यानेही जात नाही. जिथे वीज भरवशाची नाही तिथे दिवसा, जागेपणी ‘हाय’वर शिजवून, थंड करून फ्रिजमध्ये ठेवा आणि सहेरीला चांगली उकळी आणून वाढा.