शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं तेव्हा

शाळेत छळ होणारं मूल घरी आपण होऊन सहसा सांगत नाही. त्याला दोन भीती असतात. वडील शाळेत जाऊन भांडतील आणि उद्या त्रास वाढेल, ही एक. जातीवरून ऐकलेला शब्द घरात उच्चारला तर आईच्या जिवाला लागेल, ही दुसरी. म्हणून आमचं म्हणणं असं की, मूल बोलत नाही अशी तक्रार करण्याआधी आपली विचारण्याची रीत बदलावी.

पाचवीतल्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. शाळेच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखायचं, रविवारी नाही. पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची आणि घरी येताच तो लघवीला पळायचा. दवाखान्यात तपासलं, आजार निघाला नाही. पण दुखणं खोटं नव्हतं. भीतीनं पोटात खरोखरच कळ येते.

'कोण मारतं, सांग!' असं घरात विचारल्यावर तो 'काही नाही' म्हणाला. एका खोलीच्या घरात सगळेच ऐकत असतात. मग आई त्याला दळणाला सोबत नेऊ लागली. चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, बोलणं सोपं जातं. तिनं छोटे प्रश्न विचारले. मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसतोस? शाळेतली कुठली जागा आवडत नाही? काही दिवसांनी तो म्हणाला, 'संडासाकडची.' ती गप्प चालत राहिली. मग त्यानंच सांगितलं. तिथं मोठी मुलं अडवायची, जातीवरून बोलायची, म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नव्हता.

अशा वेळी 'तू काय केलंस?', 'तूही दे ठेवून' किंवा 'आम्ही याहून जास्त सोसलं' म्हटलं की मूल पुन्हा मिटतं. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं पुरे. बाबासाहेबांनाही लहानपणी शाळेत गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, हे त्याला सांगावं. लाज वेगळं बसवणाऱ्यांची होती, बसणाऱ्याची नव्हे.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नये. 'तुला विचारल्याशिवाय शाळेत जाणार नाही' असं म्हणावं आणि ते पाळावं. तारीख, जागा, वापरलेले शब्द वहीत लिहून ठेवावेत. वर्गशिक्षकांशी बोलून फरक पडला नाही, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

अंगावर जखम असेल, कुणी नको तिथं हात लावला असेल किंवा मूल 'मला जगायचं नाही' म्हणत असेल, तर मात्र वाट पाहू नये. त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.