नम्र विनंतीच्या आडून मारलेला टोमणा

परवा रात्री एक मेल लिहिला आणि पाठवला नाही. आमच्या शिफ्टचा हॅंडओव्हर रात्री दहाला असतो. मी महागावात घरूनच काम करतो, माझ्या आधीचा गडी पुण्यात. पंधरवड्यात तीनदा त्याने अर्धवट कामांची नोंद न करताच लॉगआऊट केलं. माझा मसुदा असा:

"कदाचित तुमच्या नजरेतून सुटलं असेल, पण आधीच कळवल्याप्रमाणे हॅंडओव्हर वेळेवर द्यावा, ही पुन्हा एकदा नम्र विनंती. सहकार्याबद्दल आगाऊ धन्यवाद." सीसीमध्ये साहेब.

वाचताना आत्या आठवली. चुलतभावाने मोटर चालू ठेवली की ती बादलीला सांगायची, "विसरतात बाई लोकं!" लेकी बोले सुने लागे. (आत्या, वाचत असशील तर राग मानू नकोस.) माझा सीसी म्हणजे तीच बादली.

लोक म्हणतात, मेल जरा मऊ करावा. माझं म्हणणं उलट आहे. हा मसुदा मऊच तर होता, म्हणूनच घाणेरडा होता. सरळ भांडणाला उत्तर देता येतं, "नजरेतून सुटलं असेल"ला काय देणार? सुटलं नव्हतं हे दोघांनाही माहीत असतं. आणि एरवी ज्याला मी "अरे" म्हणतो त्याला अचानक "तुम्ही" म्हणणं हा आदर नव्हे, अबोला आहे.

माझी कसोटी साधी आहे. वाक्य खोडायचं आणि बघायचं, काय झालं, कधी झालं, आता काय हवं, यातलं काही हरवलं का? "आधीच कळवल्याप्रमाणे" खोडलं, काहीच गेलं नाही. "पुन्हा एकदा", तेच. "आगाऊ धन्यवाद" तर त्याच्या होकाराआधीच फाडलेली पावती. "कृपया" बिचारं निर्दोष, ते राहू द्या. पण सगळं खोडल्यावर उरलं "हॅंडओव्हर वेळेवर द्यावा". म्हणजे किती वाजता, काय लिहून, हे मी सांगितलंच नव्हतं!

मग लिहिलं: "अरे, ४, ९ आणि ११ तारखेला दहाला नोंद नव्हती. ११ला दोन तक्रारी अर्ध्यावर होत्या, ग्राहकाला तेच प्रश्न परत विचारण्यात माझी चाळीस मिनिटं गेली. कृपया पावणेदहापर्यंत तीन गोष्टी लिही: कोणतं काम उघडं आहे, शेवटी काय केलंस, कोणाच्या उत्तराची वाट आहे. ही वेळ जमत नसेल तर जमणारी सांग." "नेहमीच" हा शब्द मुद्दाम टाळला. एक दिवस जरी त्याने नोंद दिली असेल, तरी तो त्याच शब्दावर भांडला असता. साहेबांना सीसीतून काढलं. पुढे गरज पडलीच तर त्यांना सांगेन, पण याला आधी कळवून.

उत्तर दहा मिनिटांत आलं. साडेनवानंतर त्याच्याकडे फोनची रांग लागते, नोंद तिथेच राहते. आता तो सव्वानऊलाच लिहितो, आणि नंतर काही आलं तर खाली एक ओळ वाढवतो.

काल ओळ नव्हती. मी फोन केला.