चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

वाळूजच्या कंपन्यांमधून एक वाक्य सर्रास ऐकू येतं : "तुझ्याकडे चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट नाही ना, मग कायदा तुझ्यासाठी नाही." सुपरवायझर ते म्हणतो, एचआरवाला म्हणतो, कधी युनियनचा माणूसही मान डोलावतो. हे वाक्य चूक आहे. गंमत अशी, की ज्याच्यासाठी कायदा आहे तोच ते खरं मानून घाटी रुग्णालयाच्या दारातून परत फिरतो.

चाळीस टक्क्यांची अट दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे हे खरं. पण ती सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारख्या लाभांसाठी. दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या टक्का विचारत नाही. दोषाचं स्वरूप दीर्घकालीन असावं आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीनं वावरणं अडावं, एवढंच ती मागते. बोटांना लिहिताना पेटके येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये हाच मुद्दा स्पष्ट केला : वाजवी सोय मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही.

ही व्याख्या मानसिक आजारालाही लागू होते. म्हणून प्रत्येक उदासी यात बसते असं मात्र नाही. मानसिक आजाराची कायद्यातली व्याख्या कडक आहे. विचार, भावना किंवा आकलन इतकं बिघडावं लागतं, की निर्णय घेणं किंवा रोजचं जगणं ठळकपणे अडेल. परीक्षेपूर्वीची धडधड किंवा साहेबाशी झालेलं भांडण त्यात येत नाही. वर्षानुवर्षं उलटून येणारा, औषधानं आटोक्यात राहणारा उन्माद-नैराश्याचा आजार येऊ शकतो.

दुसरं वाक्य अधिक घातक : "आजारामुळे चूक झाली असं सांगायचं असेल, तर चुकीचं एकमेव कारण आजारच आहे हे सिद्ध कर." रवींदर कुमार धारीवाल हे केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी. त्यांना मंत्रचळ आणि नैराश्याचा त्रास होता. वर्तनावरून खातेनिहाय चौकशी लागली. १७ डिसेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की वर्तनामागच्या कारणांपैकी आजार एक असला तरी पुरे. चौकशी रद्द झाली. गरज पडली तर शस्त्राशी संबंध नसलेलं दुसरं काम द्या, पण पगार सांभाळून, असंही सांगितलं. सुरक्षिततेचा प्रश्न कामाची जागा बदलूनही सुटतो, हे आपल्या व्यवस्थापकांनी वाचावं.

आता कंपनीत आजाराबद्दल सांगायचं कसं? "कुणाला कळू देऊ नका" आणि "मोकळेपणानं सगळं सांगून टाका" हे दोन्ही सल्ले मला मान्य नाहीत. पहिल्यात सोय मागताच येत नाही. दुसऱ्यात आजाराचं नाव कॅन्टीनपर्यंत पोचतं. सांगायची ती अडचण आणि हवा तो बदल.

समजा, सुट्या भागांच्या कारखान्यातल्या एका ऑपरेटरला उन्माद-नैराश्याचा आजार आहे. रात्रपाळीनं झोप मोडली की झटका जवळ येतो, हे त्याला आणि डॉक्टरला ठाऊक आहे. त्यानं झटक्यानंतर, कारणे दाखवा नोटीस हातात पडल्यावर सांगितलं, तर ती सबब वाटते. म्हणून आधी, प्रकृती ठीक असताना, लेखी अर्ज करावा : "माझी आरोग्याची अडचण दीर्घकालीन असून २०१६ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसते. मला सलग झोप आवश्यक आहे. रात्रपाळीऐवजी पहिली किंवा दुसरी पाळी द्यावी. सहा महिन्यांनी फेरविचार करावा." अर्ज सुपरवायझरला नको, एचआरला द्यावा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनं दिव्यांगांसाठी समान संधी धोरण जाहीर करून संपर्क अधिकारी नेमायचा असतो. तो असेल तर त्याच्याकडे. पोच मात्र घ्यावीच.

डॉक्टरांच्या पत्रात निदान नको. काय झेपत नाही आणि काय बदल हवा एवढं पुरे. तरी मानसोपचार विभागाचा शिक्का चुगली करतोच, त्यामुळे पत्र बंद पाकिटात, फक्त कंपनीच्या डॉक्टरनं उघडावं अशा सूचनेसह. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र तर प्रकार आणि टक्का दोन्ही सांगतं. जिथं आरक्षण किंवा लाभ मागायचा नाही, तिथं त्याची प्रत जोडायची घाई कशाला? भरतीच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर मात्र खोटं लिहू नये. ते पुढं काढून टाकायला आयतं कारण होतं.

खासगी कंपनीत कायद्याची ही ढाल पातळ आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दिव्यांगत्व आलं म्हणून नोकरीवरून काढू नये, हे कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगीत नकार मिळाला तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण त्यांची बहुतेक ताकद चौकशी आणि शिफारशीची. तिथं निदानही उघड करावं लागतं. म्हणून त्या ऑपरेटरनं पोच घेतलेला पहिला कागद आणि पाळ्यांचे तक्ते घरच्या फाईलमध्ये ठेवावेत. आयुक्तांपुढं तारखा त्यातूनच निघतील.