पडद्यावरचा उमेदवार आणि कामावरचा माणूस

बंगळुरू येथील इन्फोसिस कंपनीत जानेवारी २०२५ मध्ये एक तरुण अभियंता रुजू झाला. त्याची निवड दूरस्थ मुलाखतीतून झाली होती. जेमतेम पंधरवड्यात सहकाऱ्यांना शंका आली, कारण मुलाखतीत सफाईदार इंग्रजी बोलणारा हा उमेदवार प्रत्यक्षात संवाद साधताना अडखळत होता. मुलाखतीच्या वेळचे छायाचित्र तपासले असता पडद्यावरचा चेहरा दुसऱ्याचाच असल्याचे आढळले, असे कंपनीच्या पोलीस तक्रारीत नमूद होते. स्पर्धा परीक्षांतील ‘डमी’ उमेदवार महाराष्ट्राला नवा नाही. आता तोच प्रकार खासगी नोकरभरतीत शिरला आहे.

हा प्रश्न केवळ माहिती तंत्रज्ञान कंपन्यांपुरता उरलेला नाही. उल्हासनगरचे व्यापारी असोत वा अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजक, लेखा किंवा विक्री विभागातील पदासाठी पहिली मुलाखत मोबाइलवर उरकणे त्यांनाही सोयीचे वाटते. मोठ्या कंपनीकडे पडताळणीसाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान कारखान्यात मालक आणि त्याचा हिशेबनीस यांनाच हे काम करावे लागते. त्यांना फसवणूक तर टाळायची असतेच, पण निव्वळ संशयापोटी प्रामाणिक उमेदवाराचा बळी जाता कामा नये, याचीही काळजी घ्यावी लागते.

येथे दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते. मुलाखतीला दुसराच माणूस बसणे हा ओळखीचा प्रश्न आहे. उमेदवार तोच, पण उत्तरे दुसरा कोणी पुरवतो, हा ज्ञानाचा प्रश्न आहे. पहिल्यासाठी चेहरा आणि कागदपत्रे जुळवावी लागतात, दुसऱ्यासाठी प्रश्न विचारण्याची रीत बदलावी लागते. शिवाय पूर्वतयारी म्हणजे फसवणूक नव्हे. क्लासमध्ये सराव करून, उत्तरे पाठ करून आलेला उमेदवार काहीही गैर करीत नसतो.

अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने जून २०२२ मध्ये बनावट चित्रफितींच्या साह्याने मुलाखती देणाऱ्यांविषयी इशारा दिला होता. ओठांची हालचाल आवाजाशी न जुळणे, खोकला ऐकू येणे पण चेहऱ्यावर न दिसणे, अशी लक्षणे त्यात सांगितली होती. परंतु बदलापूरच्या एखाद्या चाळीत मोबाइलच्या इंटरनेटवर मुलाखत देणाऱ्या मुलीचाही आवाज ओठांच्या मागे पडतो. तिची नजर पडद्यावरून हटते, कारण एकाच खोलीत घरची माणसे वावरत असतात. तेव्हा असे लक्षण हा पुढील चौकशीचा आरंभ ठरतो, पुरावा नव्हे.

नेटवर्कचा विलंब आणि मदतनीसाचा विलंब यांतील फरक ओळखण्याचा एक साधा उपाय आहे. मुलाखतीच्या प्रारंभी ज्यांना विचार लागत नाही असे तीन-चार प्रश्न विचारावेत. राहता कुठे, कोणत्या स्थानकावर गाडी पकडता, सध्याच्या कामाची वेळ काय? उत्तरांना किती विलंब होतो ते टिपून ठेवावे. पुढेही तेवढाच विलंब राहिला तर दोष नेटवर्कचा आहे. मात्र गप्पांना तत्काळ आणि कामाच्या प्रत्येक प्रश्नाला, तो सोपा असो वा अवघड, सारख्याच अंतराने उत्तर येऊ लागले तर सावध व्हावे. स्वतः विचार करणारा माणूस सोप्या प्रश्नाला चटकन आणि अवघड प्रश्नाला थांबून उत्तर देतो. तरीही एखादा उमेदवार मनातल्या मनात मराठीतून इंग्रजीत भाषांतर करीत असू शकतो. म्हणून ‘मराठीत सांगितले तरी चालेल’ ही मुभा सुरुवातीलाच द्यावी.

उत्तर पढवलेले आहे का, हे व्याख्या विचारून कळत नाही. समजा, अंबरनाथच्या एका कारखान्याला लेखा सहायक हवा आहे. उमेदवारापुढे उदाहरण ठेवावे : खरेदीवहीनुसार जीएसटीची वजावट १ लाख ८० हजार रुपये, पण पोर्टलवरील ‘जीएसटीआर-२बी’ विवरणात १ लाख ६२ हजारच दिसतात. फरक १८ हजारांचा. तुम्ही आधी काय पाहाल? पढवलेला उमेदवार बहुधा ‘२बी’ची व्याख्या सांगू लागतो. हे काम केलेला माणूस बिलवार यादी जुळवण्याची भाषा बोलतो आणि १८ टक्के कराचे एक लाखाचे एखादे बिल राहिले आहे का, हे तपासतो. मग तपशील बदलावा : बिल सापडले, ते जुलैचे आहे आणि पुरवठादार तिमाही विवरणपत्र भरतो. जाणकार सांगेल की, पुरवठादाराने बिल भरण्याची मासिक ऐच्छिक सुविधा वापरली नसेल, तर ते सप्टेंबरच्या ‘२बी’मध्ये दिसेल. तोवर वजावट घेता येणार नाही. अशा दोन-तीन वळणांनंतर पुरवलेल्या उत्तरांचा धागा तुटतो. उत्तर चुकले तरी विचाराची दिशा दिसते आणि तिलाच गुण द्यावेत. हेच उदाहरण सर्व उमेदवारांना द्यावे, म्हणजे तुलना न्याय्य होते.

ओळखीची पडताळणी तीन टप्प्यांत व्हावी. मुलाखतीच्या निमंत्रणातच कळवावे की, छायाचित्र असलेले कोणतेही एक ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे दाखवावे लागेल आणि संमतीने एक स्थिरचित्र जतन केले जाईल. आधारचाच आग्रह धरू नये. खासगी कंपन्यांना आधारसक्तीची वाट देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच रद्द केली. पॅन, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुरेसे आहे. कॅमेरा फिरवून सारे घर दाखवण्याची मागणीही अनुचित आहे. त्यातून घरच्यांच्या खासगीपणावर आक्रमण होते आणि हाती काही लागत नाही. निवड न झालेल्यांची चित्रे ठरावीक मुदतीत नष्ट करावीत.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष भेटीचा. या पट्ट्यात तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेवरील लगतची स्थानके आहेत. अंतिम यादीतील दोघा-तिघांना प्रवासखर्च देऊन अर्ध्या तासासाठी बोलावणे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा परवडते. सध्या नोकरीत असलेल्यांना सुटीचा वार किंवा सायंकाळची वेळ द्यावी. तिसरा टप्पा रुजू होण्याच्या दिवशीचा : मुलाखत घेणाऱ्यानेच नव्या कर्मचाऱ्याला भेटावे आणि त्या वेळच्या उदाहरणावर पुन्हा बोलावे. ही भेट पहिल्या दिवशीच घेतली, तर पंधरवडा वाट पाहावी लागत नाही.

संशय उरलाच, तर आरोप न करता पुनर्मुलाखत घ्यावी आणि ती दुसऱ्या व्यक्तीने घ्यावी. शंका नेमकी कशामुळे आली ते उमेदवाराला सांगून त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. दाढी, चष्मा, वाढलेले वजन किंवा जुने छायाचित्र यांनीही चेहरा वेगळा भासतो. निर्णय किमान दोघांनी मिळून करावा. तोतयेगिरी सिद्ध झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड उपलब्ध आहे. मात्र पढवलेल्या उत्तरांच्या निव्वळ संशयासाठी पोलीस ठाणे गाठणे हा अतिरेक ठरेल. तेथे नियुक्ती न देणे एवढाच मार्ग योग्य.

या साऱ्यातूनही एखादा चतुर उमेदवार निसटू शकतो. पण तो निसटला तर परिवीक्षा काळात उघडा पडतो. उलट, खराब नेटवर्कमुळे नाकारला गेलेला प्रामाणिक उमेदवार पुन्हा कधीच समोर येत नाही आणि मालकाला आपली चूकही कळत नाही. पडताळणीची पद्धत ठरवताना या न दिसणाऱ्या चुकीचा हिशेबही मांडायला हवा.